समुद्राचं पाणी गोड होईल, पण मीठ कुठं जाणार?

उन्हाळा तोंडावर आला, टँकरचे प्रस्ताव तहसीलकडे जायला लागले की आपल्या जिल्ह्यात एक प्रश्न हमखास निघतो. एवढा मोठा समुद्र पडला आहे, इस्रायल आणि अरबस्तानातले लोक त्याचंच पाणी गोड करून पितात, मग आपलं सरकार ते का करत नाही? ग्रामसभेत निघतो, एस.टी.त निघतो, चहाच्या टपरीवर तर रोजच निघतो. प्रश्न वेडगळ नाही. मुंबई महापालिकेनं मालाडच्या पलीकडे मनोरी इथं असाच प्रकल्प योजला आहे. रोज वीस कोटी लिटर गोडं पाणी, आणि पुढे वाढवून चाळीस कोटी. त्यासाठी २०२१ साली इस्रायलच्या आयडीई कंपनीशी करारही झाला.

पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो फारसा कुणी विचारत नाही. पाण्यातून काढलेलं मीठ जातं कुठं? मुंबईच्या कोळ्यांना हा प्रश्न पडला आहे. वाचकहो, तो आपल्यालाही पडायला हवा. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, मलकापूर या खारपाण पट्ट्यातल्या कित्येक गावांत आज तेच यंत्र लहान आकारात बसलेलं आहे. आपण त्याला ‘आरओ’ म्हणतो, कॅन भरून नेतो आणि मागच्या बाजूच्या पाइपातून काय वाहतं तिकडं पाहत नाही.

आधी यंत्र काय करतं ते समजून घेऊ. शेतकऱ्याला हे समजावायला वेगळं उदाहरण शोधावं लागत नाही. खारवट जमिनीत ओल दिसते, तरी हरभरा सुकतो. का? मुळीच्या सालीतून पाणी नेहमी कमी खारटाकडून जास्त खारटाकडे ओढलं जातं. बाहेरची माती खारट झाली की मुळीला पाणी ओढणं जड जातं. ओल असून पीक तहानलेलं राहतं. या ओढीला परासरण म्हणतात. आता मुळीच्या सालीऐवजी एक पातळ कृत्रिम पापुद्रा घ्या, खारट बाजूनं त्या ओढीपेक्षा जास्त दाब द्या, म्हणजे पाणी उलट्या दिशेनं जातं आणि मीठ मागं राहतं. आरओ म्हणजे हेच उलटं परासरण. फवारणीच्या जाळीसारखी त्याला दिसणारी भोकं नसतात. पाण्याचा कण पापुद्र्यात विरघळत पलीकडे जातो, मिठाला ती वाट जवळपास बंद असते.

दाब किती लागतो, त्यावर सगळा खर्च ठरतो. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्या पाण्याची ओढ मोडायलाच दर चौरस सेंटिमीटरला सत्तावीस किलोच्या आसपास दाब लागतो. पाणी आत दाटत जातं तशी ओढही वाढते, म्हणून प्रत्यक्षात पंप ५५ ते ७० किलोवर चालवावा लागतो. आपला फळबागेतला एचटीपी फवारणी पंप वीस ते चाळीस किलोवर चालतो, तेव्हा नळी कशी ताठते ते आठवा. मनोरीसारख्या ठिकाणी त्याच्या दुप्पट दाब रात्रंदिवस धरून ठेवायचा असतो. बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्यात शिल्लक राहिलेला दाब परत वापरायची सोय आता आली आहे, तरीही हजार लिटर गोड्या पाण्यामागे तीन ते चार युनिट वीज जाते. साडेतीन धरली तर वीस कोटी लिटरला रोजची सात लाख युनिट झाली. आणि हे पाणी फक्त किनाऱ्यावर गोडं झालं. तिथून शेगावपर्यंत पाचशे किलोमीटरांहून जास्त अंतर, त्यात सह्याद्रीचा चढ. समुद्राचं पाणी आपल्या गावाला का येत नाही, याचं उत्तर इथंच आहे.

आता मिठाचा हिशेब करू. समुद्राचं हजार लिटर पाणी यंत्रात घातलं तर त्यातलं साधारण चारशे लिटर गोडं होऊन निघतं. बाकीच्या सहाशे लिटरमध्ये आधीचं जवळजवळ सगळं, म्हणजे पस्तीस किलो मीठ साठतं. लिटरमागे ३५ ग्रॅमचं ५८ ग्रॅम झालं. सगळंच पाणी गोडं का करत नाहीत? करता येत नाही. जसजसं पाणी काढावं तसतसा उरलेल्याचा खारटपणा वाढतो आणि त्याबरोबर लागणारा दाबही. पापुद्र्यावर चुन्याचे आणि इतर क्षारांचे थर बसतात आणि पापुद्रा निकामी होतो. म्हणून चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर थांबावं लागतं.

मनोरीला हाच हिशेब लावू. चाळीस टक्के धरले तर वीस कोटी लिटर गोड्या पाण्यासाठी रोज पन्नास कोटी लिटर समुद्र आत घ्यायचा आणि तीस कोटी लिटर दाट खारं पाणी परत सोडायचं. त्यात रोज १७ हजार ५०० टन मीठ. दहा टनी ट्रकांत भरायचं म्हटलं तर १ हजार ७५० ट्रक. एवढं मीठ वाळवून विकू म्हणणारेही भेटतात. त्यांनी रोज तीस कोटी लिटर पाणी वाळवायला किती मिठागरं लागतील याचा विचार करावा.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे मीठ समुद्रातूनच आलं आणि समुद्रातच गेलं. त्यामुळे अरबी समुद्र अधिक खारट होईल, ही भीती खरी नाही. त्रास होतो तो जिथं पाइपाचं तोंड उघडतं तिथं. दाट खारं पाणी जड असतं. शांत जागी ते सोडलं तर वरच्या पाण्यात मिसळत नाही, तळाला बसतं आणि उतार असेल तिकडे चादरीसारखं पसरतं. त्या थरात वरून येणारा प्राणवायू कमी पोचतो. तळावरचे शिंपले, खेकडे, चिखलातले किडे आणि माशांची अंडी-पिल्लं यांना पळून जाता येत नाही. मोठा मासा निघून जातो, पण ज्यावर तो जगतो ते मरतं.

मिठाबरोबर औषधंही येतात. समुद्राचं पाणी आत घेताना शेवाळ धरू नये म्हणून क्लोरीन टाकतात. क्लोरीन पापुद्र्याला खातं, म्हणून पुढं ते मारायला दुसरं रसायन घालतात. गाळ बसवायला लोहाचे क्षार, थर धरू नये म्हणून आणखी एक औषध. इतकं करूनही पापुद्रा चोंदतोच. चोंदला की तीन गोष्टी दिसतात: तेवढंच पाणी काढायला दाब वाढवावा लागतो, पाण्याची धार कमी होते किंवा गोड्या पाण्यातले क्षार वाढू लागतात. मग आम्ल आणि सोड्यानं धुवायचं. ते धुवण नीट निवळून सोडलं की थेट समुद्रात ढकललं, हे सहसा कुणी पाहायला जात नाही. माझ्या मते मिठापेक्षा या धुवणावर जास्त नजर ठेवायला हवी.

जहाजावरचं यंत्र पाहिलं म्हणजे हा फरक आणखी स्पष्ट होतो. जहाजं पूर्वी इंजिनाच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी उकळून गोडं करत, आजही अनेक करतात. पण आता बऱ्याच जहाजांवर आरओ असतो. ४ डिसेंबर २०१४ रोजी मालदीवची राजधानी माले इथल्या पाणी गोडं करणाऱ्या केंद्रात आग लागली. त्या बेटाला नदी नाही की तलाव नाही, एक लाखावर माणसांचे नळ कोरडे पडले. तेव्हा आपल्या नौदलानं ‘आयएनएस सुकन्या’ तिकडे पाठवलं. सोबत पाणी तर होतंच, शिवाय जहाजावरच्या आरओची ताकद रोज वीस टन, म्हणजे आपल्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या दोन खेपांएवढी होती. मागाहून ‘आयएनएस दीपक’ मोठा साठा घेऊन गेलं.

वीस टन गोडं पाणी काढायला पाण्याचा एक तृतीयांश भाग मिळतो असं धरलं, तर चाळीस टन खारं पाणी परत समुद्रात जातं. त्याची कुणी तक्रार करत नाही आणि करायचं कारणही नाही. भर समुद्रात जहाज चालतं राहतं, पंखा पाणी घुसळतो, खाली खोली भरपूर. काही अंतरातच ते खारटपण मोजताही येत नाही. बंदरात आणि किनाऱ्यालगत मात्र जाणते खलाशी हे यंत्र शक्यतो चालवत नाहीत. तिथल्या पाण्यात तेल आणि मैला असतो. तेलाचा थर बसला की पापुद्रा गेलाच म्हणून समजा, आणि मैल्याच्या पाण्यातून पिण्याचं पाणी काढण्याचा धोका वेगळा. यंत्र तेच, मीठ तेच. चालत्या जहाजाखालच्या खोल पाण्यात जे निभतं ते खाडीच्या तोंडाशी निभत नाही.

म्हणून किनाऱ्यावरच्या प्रकल्पात खरा प्रश्न पाइपाच्या शेवटच्या टोकाचा असतो. ते टोक खाडीत उघडतं की उघड्या समुद्रात, किती खोलीवर, आणि एकाच मोठ्या तोंडानं की अनेक लहान तोट्यांनी? तोट्यांतून जोरात वर फेकलेलं खारं पाणी पडता पडता आजूबाजूचं पाणी ओढून घेतं. एका भागात असं वीस भाग पाणी मिसळलं तर ५८ आणि ३५ मधला तेवीसचा फरक एकावर येतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यानं २०१५ साली नियमच केला, की पाइपाच्या तोंडापासून शंभर मीटरांपलीकडे खारटपणा नैसर्गिक पातळीपेक्षा लिटरमागे साधारण दोन ग्रॅमहून जास्त वाढता कामा नये. हे मोजायला अवघड नाही, मात्र मोजायचं तळाशी. वरच्या पाण्याचा नमुना बाटलीत भरून ‘सर्व ठीक’ असा अहवाल देणं म्हणजे झाडाची पानं बघून मुळकुज नाही असं सांगण्यासारखं आहे.

मनोरीच्या कोळ्यांनी प्रकल्पाला हरकत घेतली, तेव्हा विकासाला आडवे येतात असा सूर काही ठिकाणी निघाला. तो मला पटत नाही. चेन्नईला मिंजूरचा प्रकल्प २०१० पासून आणि नेम्मेलीचा २०१३ पासून चालला, शहराला पाणी मिळालं, आणि तिथल्या मच्छीमारांच्या तक्रारीही झाल्या. खाडीवर पोट असलेल्या माणसानं टोक कुठं उघडणार हे विचारलं, तर तो त्याचा सरळ हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २०१९ साली जगाचा हिशेब मांडला. सुमारे सोळा हजार केंद्रांतून रोज साडेनऊ कोटी घनमीटर गोडं पाणी निघतं आणि त्याच्या दीडपट, चौदा कोटी घनमीटरांवर दाट खारं पाणी. एवढं खारं पाणी निर्माण करणाऱ्या उद्योगाला ते कुठं सोडता हे विचारायचंच नाही, असं कसं चालेल?

आणि आता घरी येऊ.

संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात आरओच्या खोलीमागे पांढरी पडलेली नाली पाहत मी उभा होतो. एक म्हातारे शेतकरी जवळ येऊन म्हणाले, “सायेब, गोळं पानी लोक घरी नेतात, मंग हे मीठ जाते कुठी?” मनोरीच्या कोळ्याचा प्रश्न पूर्णेच्या काठी वऱ्हाडीत ऐकायला मिळाला.

त्यांच्यासाठी केलेला हिशेब इथं देतो. समजा बोअरच्या पाण्यात लिटरमागे अडीच ग्रॅम, म्हणजे आपल्या टीडीएस मीटरवर २५००, इतके क्षार आहेत. खारपाण पट्ट्यात असं पाणी नवलाचं नाही. समुद्राच्या मानानं हे चौदापट सौम्य, म्हणून दाबही कमी लागतो आणि अर्धं पाणी गोडं निघतं. गावाला रोज पाच हजार लिटर गोडं पाणी दिलं, तर मागच्या पाइपातून पाच हजार लिटर खारं पाणी वाहतं आणि मीटर पाच हजाराच्या जवळ जातो. त्यात दिवसाला चोवीस-पंचवीस किलो क्षार. वर्ष भरलं की जवळपास नऊ टन. बोअरमध्ये नायट्रेट किंवा फ्लोराइड असेल तर त्या पाण्यात तेही दुप्पट झालेलं असतं, म्हणून ते पाणी गुरांच्या टाक्यात सोडू नका.

मनोरीच्या साडेसतरा हजार टनांपुढे हे नऊ टन काहीच नाहीत. पण मनोरीच्या मिठाला अरबी समुद्र आहे, आपल्या नऊ टनांना गावाची नाली आहे. नाली कच्ची असेल तर पाणी मुरतं आणि ज्या थरातून बोअर उपसतो तिथंच परत जाण्याची वाट शोधतं. पक्की असेल तर नाल्यात जातं, नाला उन्हाळ्यात कोरडा, पाणी उडून जातं आणि मीठ मातीत राहतं. आपली काळी भारी माती याला फार नाजूक. पाण्यातलं सोडियम चिकणमातीच्या कणांना सुटं करतं, पहिल्या पावसात ते कण भेगांत बसतात, माती चोपण होते. मग पाणी मुरत नाही, वर गढूळ होऊन साचतं, वाळलं की टणक पापडी धरते आणि बी वर येत नाही. समुद्रात मीठ पसरून विरतं, जमिनीत ते साठत जातं. त्यामुळे या बाबतीत आपली परिस्थिती कोळ्यांपेक्षाही बिकट आहे, हे मी जबाबदारीनं लिहितो.

याचा अर्थ आरओ बंद करा असा नाही. ज्या गावांना दुसरं पाणी नाही त्यांच्यासाठी तो आधार आहे, आणि मूत्रपिंडाच्या आजारानं गांजलेल्या या पट्ट्यात खारं पाणी प्या असं कुणी सांगणार नाही. पण जिथं वान धरणाच्या १४० गावांच्या योजनेसारखं धरणाचं पाणी पोचू शकतं, तिथं ती पाइपलाइन दुरुस्त ठेवणं हे नवा आरओ बसवण्यापेक्षा केव्हाही चांगलं. धरणाच्या पाण्यामागे मिठाची नाली नसते. योजनेचं पाणी आठवड्यातून एकदा येतं म्हणून आरओ, आणि आरओ आहे म्हणून योजनेकडे दुर्लक्ष, असं चक्र काही गावांत बसलं आहे. ते मोडण्याचं काम ग्रामपंचायतीचं आणि जिल्हा परिषदेचं आहे.

जिथं आरओ राहणारच, तिथं खाऱ्या पाण्यातलं जितकं वापरता येईल तितकं शौचालयाला आणि फरशी धुवायला घ्यावं. लोखंड घातलेल्या बांधकामाला ते वापरू नये, सळई गंजते. उरलेलं पाणी प्लास्टिक अंथरलेल्या उथळ तळ्यात वाळवता येतं, पण त्याची जागा मोजून घ्या. आपल्याकडे पाऊस वजा जाता वर्षाला साधारण एक मीटर पाणी उडतं असं धरलं, तर रोजच्या पाच हजार लिटरला अठरा गुंठे तळं लागेल. अर्ध्या एकराच्या आसपास गावठाणाची जागा किती गावांत मोकळी आहे? म्हणून आरओचं पाणी पिण्या-स्वयंपाकापुरतंच द्यावं. लग्नाच्या मांडवात भांडी धुवायला तेच पाणी जातं, तेव्हा मागं तेवढंच खारं पाणीही तयार होत असतं.

मीठ बोअरकडे परततं आहे की नाही हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बोअरच्या कच्च्या पाण्याचा टीडीएस मीटरनं आकडा घेऊन वहीत लिहा, आणि आरओपासून लांबच्या एका विहिरीचाही लिहा. उन्हाळ्यात दोन्ही आकडे चढतील, पावसाळ्यात उतरतील. दोन-तीन वर्षांत लांबची विहीर जागच्या जागी राहिली आणि आरओची बोअर मात्र चढत गेली, तर नालीचं पाणी खाली पोचलं असं धरून चालावं. नालीकाठच्या शेताची माती दर उन्हाळ्यात जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत द्या आणि क्षारांबरोबर सोडियमही तपासायला सांगा.

आणि पुढच्या वेळी ग्रामपंचायतीत आरओचा ठराव येईल, तेव्हा अंदाजपत्रकाचं पान उलटून पाहा. यंत्र, खोली, टाकी, वीजजोडणी, कार्ड टाकून पाणी घ्यायचं मशीन, सगळ्यांसमोर रक्कम असते. खाऱ्या पाण्याच्या पाइपासमोर बहुतेक वेळा ‘जवळच्या नालीत सोडणे’ एवढेच शब्द असतात. ती ओळ खोडून, पाणी कुठं, किती आणि कशात सोडणार हे लिहून घेतल्याशिवाय ठरावावर सही करू नका.